पिस्तुलाची पिचकारी कशी झाली?

समजा, मार्च 2017 आहे. जळगावच्या एका मुलाने धुळ्याच्या मित्राला एसएमएस केला: "रंगपंचमीला ये, बघतोच तुला 🔫". पाठवणाऱ्याच्या आयफोनवर हिरवी पिचकारी दिसत होती. धुळ्याच्या अँड्रॉइड फोनवर मात्र त्याच जागी खरं रिव्हॉल्व्हर उमटलं. मेसेज वाटेत बदलला का? नाही, एक अक्षरही नाही.

कारण फोन चित्र पाठवतच नाही, फक्त एक क्रमांक पाठवतो: U+1F52B. युनिकोडने 2010 साली हा क्रमांक दिला आणि नाव ठेवलं PISTOL. त्याचं चित्र कसं काढायचं, हे मात्र प्रत्येक कंपनी ठरवते.

असं आपल्या लिपीतही होतं. मराठीतला पाकळीचा ल आणि हिंदी छपाईतला दांडीचा ल यांचा क्रमांक एकच, U+0932. फॉन्ट बदलला की वळण बदलतं, पण 'लाल'चा अर्थ लालच राहतो. अक्षराचा अर्थ त्याच्या वळणावर टिकून नसतो. इमोजीचं तसं नाही. तिथे चित्र हाच अर्थ, त्यामुळे चित्र बदललं की बोलणंही बदलतं.

अमेरिकेत बंदुकीच्या हिंसेवरून वाद पेटलेला असताना ऍपलने ऑगस्ट 2016 मध्ये पिचकारी जाहीर केली. गंमत म्हणजे त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने आपली खेळण्यातली बंदूक काढून खरं रिव्हॉल्व्हर आणलं! गुगल, सॅमसंग, ट्विटर, मायक्रोसॉफ्ट हे सगळे 2018 मध्ये पिचकारीवर आले. म्हणजे मधली जवळपास दोन वर्षं एकाची मस्करी दुसऱ्याला धमकी वाटू शकत होती. आणि 2024 मध्ये एक्सने, म्हणजे जुन्या ट्विटरने, पुन्हा खरं पिस्तूल आणलं.

मग युनिकोडने नावच का बदललं नाही? कारण एकदा दिलेलं नाव कधीच बदलायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. म्हणून आत PISTOL आणि बाहेर पिचकारी, अशी जोडी आजही आहे.

अभ्यासाच्या दृष्टीने खरी अडचण पुढे येते. 2015 साली कोणी धमकी म्हणून हे चिन्ह पाठवलं असेल, तर तोच मेसेज आजच्या फोनवर उघडल्यावर पिचकारी दिसते. धमकी पुसली जात नाही, पण खेळकर दिसू लागते. उलट, 2017 मधली मस्करी कोणी रिव्हॉल्व्हर दिसणाऱ्या फोनवरून स्क्रीनशॉट काढून ठेवली असेल, तर ती आजही धमकीच वाटेल. नुसता मजकूर मोजणाऱ्या प्रोग्रामला हे दोन्ही मेसेज सारखेच, कारण क्रमांक एकच.

म्हणून जुने मेसेज तपासताना तीन गोष्टी विचारायच्या: तारीख काय, पाठवणाऱ्याचा फोन कोणता आणि वाचणाऱ्याचा कोणता? या तिन्हींची नोंद नसेल, तर त्या पोराला काय म्हणायचं होतं, हे नुसत्या चिन्हावरून सांगता येणार नाही.

आता वर जाऊन तो मेसेज पुन्हा बघा. तुमच्या स्क्रीनवर काय दिसतंय?