रजिस्टरमध्ये १,१४०, रॅकवर ६८५

ईआरपीसाठी पैसे मागणारी पहिली नोट मी लिहिली, ती चाळीस पानांची होती. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातल्या आकृत्या आणि मॉड्यूलांची यादी तिच्यात होती, आणि शेवटी ‘स्पर्धेत टिकण्यासाठी हे गरजेचं आहे’ असं वाक्य. एमडीसाहेबांनी पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं आणि एकच प्रश्न विचारला: “आज आपलं नक्की किती जातंय?” मला सांगता आलं नाही. नोट परत आली. तिचं परत येणं योग्यच होतं, हे मला पुढच्या वर्षी स्टोअरमध्ये उभं राहिल्यावर कळलं.

ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री आणि हिशेब यांची एकच सामाईक वही. स्टोअरने माल घेतल्याची नोंद केली की तीच नोंद हिशेबखात्याला दिसते, खरेदीलाही दिसते. या कल्पनेचं मूळ एमआरपी नावाच्या जुन्या हिशेबात आहे. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९७५ साली त्यावर पुस्तक लिहिलं, आणि १९९०च्या सुमारास गार्टनर या सल्लागार संस्थेने त्याच्या विस्तारित रूपाला ईआरपी हे नाव दिलं. मूळ हिशेब शाळकरी आहे: ग्राहकाला काय हवं, त्यासाठी कोणता माल किती लागतो, हातात किती आहे, म्हणजे मागवायचा किती. यातला ‘हातात किती आहे’ हा आकडा चुकला की पुढचं सगळं गणित चुकतं, आणि यंत्र ते चुकीचं गणित मोठ्या वेगाने करून देतं.

म्हणून नोट लिहिण्याआधी ऑपरेशन्स मॅनेजरने स्टोअर मोजायला हवं. चाकण-भोसरी पट्ट्यातला शाफ्ट आणि बुश बनवणारा, वर्षाला ४० कोटींची उलाढाल असलेला कारखाना डोळ्यांसमोर आणा. हिशेब टॅलीत, स्टोअरचा साठा एक्सेलमध्ये, आणि बाहेर प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला जाणाऱ्या मालाची चलनं कार्बन लावलेल्या पुस्तकात. पुढचे आकडे अशा कारखान्यांच्या अनुभवावरून मी उदाहरणासाठी बेतले आहेत, पण त्यांचा आपसातला मेळ खरा आहे.

सगळं स्टोअर मोजायची गरज नसते. किमतीने सगळ्यात जड असलेले १०० आयटम निवडायचे आणि एका रविवारी स्टोअरकीपरबरोबर प्रत्यक्ष मोजायचे. आमच्या कारखान्यात ६२ आयटम जुळले, ३८ जुळले नाहीत. एका बुशचे रजिस्टरमध्ये १,१४० नग होते, रॅकवर निघाले ६८५. चारशे नग कंप्रेसर रूमच्या मागे एका क्रेटमध्ये होते. तपासणीने अडवलेले, त्यावर खडूने ‘होल्ड’ लिहिलेलं आणि तारीख नाही. उरलेले ५५ प्लेटिंगवाल्याकडे होते, कारण चलनावर लिहिलेली संख्या आणि परत आलेली संख्या कुणी ताडून पाहिलीच नव्हती. नियोजनखात्याला मात्र १,१४० दिसत होते, त्यामुळे त्यांनी ते बुश लावले नव्हते. ग्राहकाच्या लाईनला ते कमी पडले तेव्हा रातोरात टेम्पो करून माल पाठवावा लागला.

त्या टेम्पोचं भाडं ही नोटची पहिली ओळ असावी. तातडीच्या वाहतुकीची वर्षभराची बिलं काढली तर १४ लाख निघाले. दुसरी ओळ: हातात असूनही पुन्हा मागवलेला आणि शेवटी भंगारात गेलेला माल, ९ लाख. तिसरी ओळ: साठ्यात अडकलेले ५ कोटी २० लाख. प्लेटिंगला गेलेला माल एक वर्षात परत आला नाही, तर जीएसटी कायद्याप्रमाणे तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरून व्याजासकट कर लागतो. म्हणून त्या ५५ नगांचं चलन हाही पैशांचाच प्रश्न आहे.

आता खर्चाची बाजू. बहुतेक नोटा इथेच अर्धं सांगतात. विक्रेत्याच्या कोटेशनवर दोनच रकमा असतात: ३० जणांसाठी महिन्याला माणशी १,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार, आणि बसवून देण्याचे १८ लाख. बेरीज २३ लाख ४० हजार. एमडींनी तेवढ्याला मंजुरी दिली की सहा महिन्यांनी मॅनेजर पुन्हा पैसे मागायला उभा राहतो, आणि तिथून विश्वास उडतो.

कोटेशनवर नसलेला खर्च कारखान्याच्या आत होतो. जुन्या याद्या साफ करायला ४ लाख: एकच बेअरिंग तीन नावांनी तीन ओळींत असतं, आणि ते कुणीतरी बसून एक करावं लागतं. शॉपवर नेटवर्क, बारकोड स्कॅनर आणि टॅबला ५ लाख. प्रशिक्षणाला ३ लाख. दोन कसलेली माणसं आठ महिने अर्धा वेळ याच कामावर राहणार, त्यांच्या पगाराचा हिस्सा ४ लाख ८० हजार. याच माणसांची नावं नोटमध्ये लिहायला मॅनेजर कचरतात, कारण उत्पादन त्यांच्यावरच चालतं. पण रिकामं बसलेलं माणूस या कामाला दिलं तर काम बुडालंच म्हणून समजा. शिवाय अनपेक्षित कामांसाठी राखीव ४ लाख ५० हजार. पहिल्या वर्षाचा खरा आकडा ४४ लाख ७० हजार होतो, आणि पुढच्या चार वर्षांचं भाडं धरून पाच वर्षांचा ६६ लाख ३० हजार. नोटच्या पहिल्या पानावर हा आकडा हवा. जीएसटी यात धरला नाही, कारण त्याचं क्रेडिट मिळतं. रोखीची सोय मात्र आधी करावी लागते.

फायद्याच्या बाजूला एक चूक इतकी सर्रास होते की ती थोडी थांबून समजून घ्यावी. साठा ६० लाखांनी कमी होईल असं धरलं, तर बरेच जण ते ६० लाख सरळ नफ्यात धरतात. तो नफा नव्हे. आपलाच अडकलेला पैसा एकदा मोकळा होतो. नफा असतो तो त्यावर वाचणाऱ्या व्याजाचा, दहा टक्क्यांनी वर्षाला ६ लाख. तातडीची वाहतूक निम्मी झाली तर ७ लाख, भंगारातले ४ लाख. एकूण १७ लाख, त्यातून वर्षाचं भाडं वजा जाता ११ लाख ६० हजार. पहिल्या वर्षी काहीच मिळणार नाही असं धरायचं. चार वर्षांत ४६ लाख ४० हजार येतात, म्हणजे पहिल्या वर्षाचे ४४ लाख ७० हजार पाचव्या वर्षी जेमतेम भरून निघतात. आणि साठा ६०ऐवजी ३० लाखांनीच कमी झाला, तर पाच वर्षांतही भरून निघत नाहीत.

ही दुसरी शक्यता नोटमध्ये लिहावी, असं माझं ठाम मत आहे. फायनान्सवाल्यांना हे गणित दहा मिनिटांत दिसतंच. मॅनेजरने ते आधी मांडलं की चर्चा योग्य जागी येते: साठा खरंच उतरेल का, आणि त्याची जबाबदारी कुणाची? ‘चार क्लार्क कमी होतील’ ही ओळ मात्र काढून टाकावी. पहिली दोन वर्षं काम वाढतं, कुणी कमी होत नाही, आणि ती ओळ स्टोअरपर्यंत पोचली की स्टोअर मनापासून नोंदी करत नाही.

मालाच्या यादीचीही तीच गत. बिल ऑफ मटेरियलमध्ये एका शाफ्टला १.८५ किलो बार लिहिलेला असतो, पण करवतीची काप आणि टोकाचा तुकडा धरून लागतो २.१ किलो. दहा हजार शाफ्टच्या ऑर्डरला अडीच टन पोलाद कमी मागवलं जातं. जुन्या पद्धतीत सुपरवायझरला हे तोंडपाठ असतं आणि तो गुपचूप जास्त मागवतो. सिस्टीमला ते कुणी सांगितलेलं नसतं.

सुरू करण्याची तारीखही नोटमध्येच ठरवावी. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९च्या जुलैत नवी यंत्रणा एकदम सुरू केली आणि ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनच्या तोंडावर दहा कोटी डॉलरहून जास्त किमतीच्या ऑर्डरी वेळेत पाठवता आल्या नाहीत. माल गोदामांत पडून होता. आपल्याकडे हिशेबखात्याला १ एप्रिल हवासा वाटतो, पण मार्चअखेरीला शॉप आणि डिस्पॅच श्वास घेत नाहीत. १ जुलै मला बरा वाटतो. आदल्या शनिवार-रविवारी साठा मोजून तोच आकडा आत भरायचा.

सुरू झाल्यावर ते चालतंय की नाही हे पाहायला एमडींना सल्लागार लागत नाही. स्क्रीनवर एखाद्या आयटमचा साठा उणे २४० दिसला, तर माल आत आल्याची नोंद व्हायच्या आधीच तो शॉपला गेलाय. दर महिन्याला अशा उण्या ओळी किती, एवढाच आकडा मागावा. दुसरी खूण म्हणजे कुणाच्या टेबलावर जुनी एक्सेल शीट अजून उघडी आहे का. ती उघडी असेल, तर त्या माणसाचा सिस्टीमवर विश्वास नाही, आणि बहुतेक वेळा त्याच्याकडे त्याचं कारण असतं. ते विचारावं.

माझी दुसरी नोट चार पानांची होती. तिच्यात मी पैसे एकरकमी मागितले नव्हते. आधी याद्या साफ करायचे ४ लाख, मग बाकीचे. एमडीसाहेबांनी ती दोनदा वाचली, पेन काढलं आणि समासात लिहिलं: ‘४ लाख मंजूर. त्याच १०० आयटमपैकी ९५ सलग तीन महिने जुळले की बाकीच्यासाठी या.’ सोमवारी सकाळी स्टोअरकीपर आणि मी कंप्रेसर रूमच्या मागचा तो क्रेट बाहेर काढला, आणि खडूने लिहिलेल्या ‘होल्ड’खाली त्याने पहिल्यांदा तारीख घातली.