पाणी घालून घालून आम्ल आम्लारी होतं का?

अकरावीच्या रसायनशास्त्रात ‘समतोल’ हे प्रकरण शिकताना एक छोटासा प्रश्न हमखास समोर येतो: 10⁻⁸ M हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच किती? आपल्या मंडळातली अकरावी-बारावीची मुलं सुट्टीत माझ्याकडे शंका घेऊन येतात, तेव्हा दर वर्षी कुणी ना कुणी हाच प्रश्न आणतं. वडोदऱ्याजवळच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं पाणी तपासण्याचं काम केलं. त्यामुळे हा प्रश्न मला नुसता परीक्षेतला वाटत नाही.

नियम सगळ्यांना पाठ असतो. हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र आहे, म्हणजे पाण्यात पडलं की ते पूर्ण सुटतं. जेवढं आम्ल, तेवढेच हायड्रोजन आयन. 10⁻² M आम्लाचा पीएच २, 10⁻³ M चा ३, 10⁻⁴ M चा ४. दर वेळी दहापट पाणी घाला, पीएच एकाने वाढतो. याच चालीने 10⁻⁸ M चा पीएच ८ येतो. पण २५ अंश सेल्सिअसला सातच्या वर आम्लारी असते. म्हणजे आम्लात नुसतं पाणी घालत गेलो, तर ते सोड्याच्या पाण्याच्या वर्गात जाऊन बसलं! हे शक्य नाही. कितीही पाणी घातलं तरी आम्ल आहे म्हटल्यावर पीएच सातच्या किंचित का होईना, खालीच राहणार.

मग नियम चुकला का? नाही. त्याने एक पुरवठादार मोजलाच नाही. तो म्हणजे खुद्द पाणी.

शुद्ध पाण्याचे काही रेणू आपले आपण फुटून हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन देतात. किती? २५ अंशांना एका लिटरात 10⁻⁷ मोल. आपल्या मोजणीत सांगायचं तर एका मोलचा एक कोटीवा भाग. एका लिटर पाण्यात साडेपंचावन्न मोल पाणी असतं, म्हणजे साधारण साडेपंचावन्न कोटी रेणूंमागे एक रेणू फुटलेला असतो. हे फारच थोडं वाटतं, आणि आम्ल भरपूर असेल तेव्हा ते सोडून दिलं तरी चालतं. पण आता आम्लाकडे बघा. 10⁻⁸ M म्हणजे एका मोलचा दहा कोटीवा भाग. दहा हजार लिटरच्या पाण्याच्या टँकरमध्ये अवघं ३.६५ मिलिग्रॅम हायड्रोजन क्लोराइड! इथे पाण्याचा पुरवठाच आम्लाच्या दहापट आहे. मोठा पुरवठादार सोडून धाकट्याचाच हिशेब केला, म्हणून उत्तर आठ आलं.

आता हिशेब नीट मांडू. घातांक सांभाळताना मुलं गोंधळतात, म्हणून मी त्यांना एक सोय सांगतो. 10⁻⁷ मोल प्रतिलिटर याला ‘एक वाटा’ म्हणा. शुद्ध पाण्यात हायड्रोजन आयन एक वाटा आणि हायड्रॉक्साइड आयन एक वाटा. आपलं आम्ल त्यात क्लोराइड आयन आणतं, ते ०.१ वाटा.

दोन गोष्टी कधीच मोडत नाहीत. पहिली, द्रावणातला धन आणि ऋण विद्युतभार सारखा असला पाहिजे. धनभार फक्त हायड्रोजन आयनांचा आहे. ऋणभार क्लोराइडचा आणि हायड्रॉक्साइडचा. दुसरी, हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड यांचा गुणाकार ठरलेला असतो: २५ अंशांना 10⁻¹⁴. आपल्या वाट्यांत तो गुणाकार म्हणजे फक्त एक. हायड्रोजन आयनांचे वाटे x मानले, तर हायड्रॉक्साइडचे 1/x होतात.

x = 0.1 + 1/x

x ने गुणलं की दहावीतलं वर्गसमीकरण मिळतं:

x² − 0.1x − 1 = 0

x = (0.1 + √4.01) / 2 = 1.051

दुसरं मूळ ऋण येतं, ते सोडायचं, कारण आयन उणे असू शकत नाहीत. म्हणजे हायड्रोजन आयन १.०५१ वाटे, अर्थात 1.051 × 10⁻⁷ M. पीएच काढायला सातातून १.०५१ चा लॉग वजा करायचा. तो लॉग सुमारे ०.०२ आहे, म्हणून पीएच ६.९८. सातच्या खाली, पण जेमतेम. टँकरभर पाण्यात साडेतीन-पावणेचार मिलिग्रॅम आम्लाने एवढाच फरक पडावा हे पटण्यासारखंच आहे.

इथे एका मुलीने मागच्या सुट्टीत फार चांगली शंका काढली. ती म्हणाली, “काका, एवढं समीकरण कशाला? पाण्याचा एक वाटा, आम्लाचा ०.१. बेरीज १.१. पीएच ६.९६. संपलं!”

मी तिला म्हटलं, “ठीक आहे, तुझं उत्तर धरू. मग हायड्रॉक्साइड किती वाटे?”

“एक. पाण्याने दोन्ही सारखेच दिले ना.”

“मग गुणाकार कर.”

“एक पूर्णांक एक.” ती थांबली. “पण तो एकच असायला पाहिजे.”

तेच तर. बाहेरून हायड्रोजन आयन आले की गुणाकार एकाच्या वर जातो, आणि तो पुन्हा एकावर येईपर्यंत हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड जोडी जमवून परत पाणी होतात. आम्ल आलं की पाणी आपलं फुटणं कमी करतं. १.१ आणि १ यांतून दोन्हीकडचे साधारण ०.०४९ वाटे जुळून गेले की उरतात १.०५१ आणि ०.९५१. यांचा गुणाकार करून बघा, एक येतो. आणि ०.९५१ मध्ये आम्लाचे ०.१ मिळवले की १.०५१. दोन्ही बाजूंनी हिशेब जुळला.

यातून एक सुंदर गोष्ट हाती लागते. आपण ०.१ वाटा आम्ल घातलं, पण हायड्रोजन आयन वाढले जवळजवळ त्याच्या निम्मेच. आम्ल पाण्याच्या मानाने खूप कमी असेल, तर नेहमी असंच होतं: निम्मे टिकतात, निम्मे पाण्यात विरघळून जावेत तसे हायड्रॉक्साइडशी जुळून नाहीसे होतात. म्हणून 10⁻⁹ M आम्लासाठी कागद-पेन लागतच नाही. ०.०१ चे निम्मे ०.००५, म्हणजे x १.००५ आणि पीएच ६.९९८. परीक्षेत पर्यायांमध्ये ६.९६ आणि ६.९८ शेजारी-शेजारी ठेवले असतील, तर ६.९६ हा नुसती बेरीज करणाऱ्यांसाठी लावलेला सापळा आहे हे ओळखा.

मग हा खटाटोप नेमका कधी करायचा? आम्ल 10⁻⁶ M असेल, म्हणजे दहा वाटे, तर समीकरणाने x येतो १०.१ आणि पीएच ५.९९६. साधा नियम ६ सांगतो. एवढ्या फरकासाठी कुणी वर्गमूळ काढत बसू नये. 10⁻⁵ M आणि त्याहून जास्त असेल तर पाण्याचा विचारही करायला नको. खरी अडचण 10⁻⁷ M च्या आसपास आहे, कारण तिथे आम्ल आणि पाणी तोडीस तोड असतात. नेमकं एक वाटा आम्ल घेतलं तर समीकरण होतं x² − x − 1 = 0. गणिताची आवड असलेल्यांनी हे ओळखलं असेल. याचं उत्तर १.६१८, म्हणजे सुवर्ण गुणोत्तर! पीएच ६.७९. साधा नियम इथे ७ म्हणतो, आणि नुसती बेरीज ६.७० म्हणते. दोन्ही चूक. 10⁻⁷ च्या खाली गेलात की साधा नियम थेट उलट्या बाजूला नेऊन सोडतो.

आता थोडं प्रयोगशाळेतलं. हे द्रावण करायला कठीण नाही. ०.१ M आम्लाचा एक मिलिलिटर घेऊन पाण्याने एक लिटर करायचं, त्यातला एक मिलिलिटर घेऊन पुन्हा एक लिटर करायचं. झालं 10⁻⁷ M. त्याचे शंभर मिलिलिटर घेऊन पुन्हा एक लिटर केलं की 10⁻⁸ M. पण ते बीकरमध्ये ओतून पीएच मीटरवर ६.९८ बघायला गेलात, तर तो आकडा दिसणार नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल होतं, आणि उघड्यावर ठेवलेलं शुद्ध पाणी हळूहळू ५.६ च्या आसपास येतं. आपल्या वाट्यांत सांगायचं तर तिथे हायड्रोजन आयन सुमारे २५ वाटे असतात. आपण मेहनतीने घातलेला ०.१ वाटा त्याच्या अडीचशेव्या भागाएवढा. तो कुठे दिसणार?

शिवाय इतक्या शुद्ध पाण्यात वीज वाहून न्यायला आयनच नसतात, त्यामुळे मीटरचा काटा एका जागी ठरत नाही. आकडा सरकतच राहतो. म्हणून औषध कारखान्यात शुद्ध पाण्याचा पीएच बघताना शंभर मिलिलिटर पाण्यात पोटॅशियम क्लोराइडचं ०.३ मिलिलिटर संपृक्त द्रावण घालायची पद्धत आहे. त्याने वीज वाहायला वाट मिळते आणि आकडा स्थिरावतो. तेव्हा ६.९८ हे उत्तर हवा न लागलेल्या, बंद भांड्यातल्या पाण्याचं आहे, एवढं लक्षात ठेवावं.

आणखी एक अट तापमानाची. तो गुणाकार 10⁻¹⁴ आहे तो २५ अंशांना. पाणी तापलं की जास्त रेणू फुटतात. ४० अंशांना, म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्याच्या दुपारी, शुद्ध पाण्याचा पीएच सुमारे ६.७७ असतो. तरीही ते पाणी आम्ल नसतं, कारण हायड्रॉक्साइडही तेवढेच वाढलेले असतात. म्हणून ‘सातच्या खाली ते आम्ल’ हा नियमही २५ अंशांपुरताच. खरी कसोटी अशी, की हायड्रोजन आयन हायड्रॉक्साइडपेक्षा जास्त आहेत का ते बघायचं.

ज्यांना हात चालवून बघायचा आहे, त्यांनी 5 × 10⁻⁸ M आम्ल घ्यावं. अर्धा वाटा आम्ल, म्हणजे x² − 0.5x − 1 = 0. x १.२८१ यायला हवा आणि पीएच ६.८९. उत्तर आल्यावर हायड्रॉक्साइडचे वाटे काढून गुणाकार एक होतो का तेही तपासा. आणि तीव्र आम्लारी असलं, समजा 10⁻⁸ M सोडियम हायड्रॉक्साइड, तर समीकरण तेच. फक्त x म्हणजे हायड्रॉक्साइड. उत्तर सातच्या तेवढंच वर जातं: ७.०२.