स्वसंरक्षणाचा हक्क : तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो

मागच्या लेखात आपण तीव्र आणि आकस्मिक प्रक्षोभ पाहिला. तिथे कायदा शिक्षा कमी करतो, पण घडलेलं कृत्य गुन्हाच राहतं. आजचा विषय त्यापेक्षा वेगळा आहे. खासगी संरक्षणाच्या हक्कात राहून जे केलं जातं ते मुळात गुन्हाच नसतं, मग त्यात समोरच्याचा जीव गेलेला असला तरीही. एवढी मोठी मोकळीक असल्यामुळेच तिच्या कडा नीट माहीत असायला हव्यात. या तरतुदी पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 96 ते 106 मध्ये होत्या. 1 जुलै 2024 पासून त्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहेत. गाभा जवळपास तोच आहे.

एक प्रसंग कल्पून पाहू. वस्तीवरचं घर, रात्रीचे दोन. आवाजाने शेतकरी जागा होतो. मागच्या दाराचा कोयंडा पहारीने उचकटून एक माणूस आत आलेला आहे आणि पहार अजून त्याच्या हातात आहे. घरात बायको आणि मुलं झोपलेली. शेतकरी कोपऱ्यातली काठी उचलतो आणि त्याच्या डोक्यात घालतो. चोर पहार टाकून रिकाम्या हाती पळतो आणि बांधाजवळ अडखळून पडतो. आरडाओरड्याने भावकी गोळा होते. त्याला कडुलिंबाला बांधलं जातं आणि पुढचा अर्धा तास मारहाण चालते. सकाळी तो मरतो.

गावाच्या दृष्टीने ही एकच घटना आहे : चोर आला, सापडला, मेला. न्यायालयाच्या दृष्टीने मात्र त्यात दोन वेगवेगळ्या घटना आहेत आणि त्यांची उत्तरं उलटी आहेत.

पहिल्या काठीला कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे. मालमत्तेच्या रक्षणासाठी जीव घेण्यापर्यंतची मुभा कलम 41 मोजक्याच वेळी देते, आणि रात्रीची घरफोडी ही त्यातली एक. शिवाय पहार घेतलेला माणूस चार पावलांवर उभा असताना जिवाची किंवा जबर दुखापतीची भीती वाजवीच आहे, म्हणून शरीराच्या संरक्षणाचा हक्कही इथे लागू होतो. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही, हे खरं. पण त्या क्षणी तो वेळ कुठे होता? आणि आपल्याच घरातून पळून जाण्याची सक्ती कायदा कुणावर करत नाही.

हक्क किती वेळ टिकतो, हे कलम 43 सांगतं. रात्रीच्या घरफोडीत तो घुसखोरी चालू असेपर्यंतच टिकतो. चोर रिकाम्या हाताने दाराबाहेर पडून पळू लागला तिथेच तो संपला. चोर ऐवज घेऊन पळत असता तर परत मिळवण्यासाठी पाठलाग करण्याचा हक्क उरला असता, पण तोही लागेल तेवढ्याच बळाचा. पळणाऱ्या माणसाला पकडून बांधून ठेवायला हरकत नाही. डोळ्यांदेखत असा गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही धरू शकतो. मात्र नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार त्याला विनाकारण न थांबता, आणि फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. बांधलेल्या माणसापासून कुणालाही धोका नसतो. त्यामुळे कडुलिंबाखाली झालेली मारहाण संरक्षणात बसत नाही, आणि त्यात हात असलेला प्रत्येक जण मनुष्यवधाच्या, कदाचित खुनाच्याही, आरोपाला सामोरा जातो. घरमालकही त्यातून सुटत नाही. पहिली काठी योग्य होती म्हणून नंतरच्या काठ्या माफ होत नाहीत.

हीच रेषा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये 'जय देव विरुद्ध पंजाब राज्य' या खटल्यात आखली. निकाल न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला होता. शेताच्या ताब्यावरून संघर्ष झाला आणि त्यात गोळ्या चालल्या. समोरचे लोक पळू लागल्यावर धोका संपला होता, तरीही गोळीबार थांबला नाही. त्या नंतरच्या गोळ्यांना संरक्षणाचा आधार मिळाला नाही. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती तितकीच मोलाची वाटते. जिवावर बेतलेल्या माणसाच्या मनःस्थितीला न्यायालयाने वाव दिला पाहिजे, कोर्टाच्या शांत खोलीत बसून त्याचं प्रत्येक पाऊल मोजू नये, असं निकालात बजावलं आहे. म्हणजे धोका संपल्यानंतर सूट नाही, पण धोका चालू असताना क्षणाक्षणाचा हिशेबही नाही.

आता बळाच्या मापाकडे वळू. कलम 37 म्हणतं की संरक्षणासाठी आवश्यक त्यापेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क कोणालाच नाही. कलम 38 आणि 41 जीव घेण्याची मुभा देतात, तिथेही ही अट सुटत नाही. यावरून अनेकांचा समज होतो की काठीला काठी आणि चाकूला चाकू असा हिशेब असतो. तो चुकीचा आहे.

'देव नारायण विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य' या सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या खटल्यात नेमका हाच प्रश्न होता. जमिनीच्या ताब्यावरून वाद झाला. समोरच्या पक्षाने आरोपीच्या डोक्यावर लाठी मारली आणि त्याने भाला चालवला. लाठीला भाल्याने उत्तर म्हणजे हक्क ओलांडला, असं उच्च न्यायालयाने धरलं. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. डोक्यावर बसलेली लाठी जीव घेऊ शकते, आणि पुढचा घाव पडायची वाट पाहत बसायला आरोपी बांधील नव्हता. तो सुटला. तुलना हत्यारांची नसते. शरीराचा कोणता भाग धोक्यात आहे, समोर किती जण आहेत, सुटकेचा दुसरा मार्ग हाताशी आहे का आणि त्या क्षणी त्या माणसाला कशाची भीती वाजवीपणे वाटली, यावरून ती ठरते. रिकाम्या हाताने थप्पड मारणाऱ्याच्या पोटात सुरा खुपसला तर मात्र याच मापाने तो बचाव कोसळतो.

या दोन टोकांच्या मध्ये बरीच प्रकरणं पडतात. हक्क खरा होता, हेतू प्रामाणिक होता, आधी काही ठरवलेलं नव्हतं, पण हात गरजेपेक्षा जोरात चालला. अशा वेळी कलम 101 चा दुसरा अपवाद लागू होतो. मग तो खून न राहता सदोष मनुष्यवध ठरतो. आरोपी निर्दोष सुटत नाही, पण खुनाच्या शिक्षेतून वाचतो.

हे सगळं ठरतं पुराव्यावर. बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, पण सरकारी पक्षाइतकी कडक नाही. आपलं म्हणणं संभवनीय आहे, एवढं दिसलं तरी पुरतं. त्याने हा बचाव स्वतःहून घेतला नाही तरी सरकारी पक्षाच्याच पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालय विचारात घेतं. म्हणून शवविच्छेदनात जखमा पुढे आहेत की पाठीवर, एक आहे की अनेक, मनगटावर दोरीचे वळ आहेत का, हे वाचलं जातं. पंचनाम्यात पहार कुठे मिळाली आणि रक्त घरात सांडलं की झाडाखाली, हेही पाहिलं जातं. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचं वजनही मोठं असतं, कारण त्या कशा झाल्या याचा खुलासा सरकारी पक्षाला देता आला नाही तर त्याच्या कहाणीवरच शंका येते. म्हणून अशा प्रसंगातून गेलेल्याने स्वतः होऊन लगेच पोलिसांना कळवावं, आणि वैद्यकीय तपासणीच्या वेळी हातावरचा साधा ओरखडासुद्धा दाखवून नोंदवून घ्यावा. तो चार दिवसांत भरून येतो, आणि खटला उभा राहायला वर्षं लागतात.