रोटोस्कोपिंग: एकेका फ्रेमवरचं कोरीवकाम

1915 साली मॅक्स फ्लायशरने पेटंटसाठी अर्ज केलेल्या यंत्रात चित्रफितीची एकेक फ्रेम मागून काचेवर पडायची आणि चित्रकार ती कागदावर गिरवायचा. विदूषकाच्या वेशातला त्याचा भाऊ डेव्ह असाच गिरवला गेला आणि ‘कोको’ हा कार्टून-विदूषक जन्मला. आज काचेच्या जागी संगणक आहे, गिरवणं मात्र सुटलेलं नाही.

समजा, चालणाऱ्या माणसामागचा रस्ता काढून तिथे समुद्र दाखवायचाय. शॉट पाच सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला 24च्या हिशेबाने 120 फ्रेम्स. नवशिका सबंध माणसाभोवती एकच रेघ ओढतो आणि हात छातीवरून गेला की अडकतो. जाणकार डोकं, धड, दंड, कोपराखालचा हात, मांडी, पोटरी असे वेगळे आकार करतो. टाच टेकते, पाय पुढे जातो, अशा ठळक क्षणी आकार नीट बसवतो. मधल्या फ्रेम्स सॉफ्टवेअर भरतं. मग त्यांमध्ये जिथे आकार घसरलाय, तिथे दुरुस्ती.

खरी गोम बिंदूंची. कोपरावरचा बिंदू शेवटपर्यंत कोपरावरच हवा. तो इकडेतिकडे सरकला, तर सुटी प्रत्येक फ्रेम बरोबर दिसते, पण चालवल्यावर कडा खदखदते. माणूस पांढरा, बाकी काळं करून शॉट चालवला की ही खदखद लगेच डोळ्यांत भरते.

वेगाने हललेला हात फ्रेममध्ये फराटा होऊन येतो. तिथे रेघ फराट्याच्या मधोमध ओढून कडा मऊ करतात. भुरभुरत्या केसांपुढे मात्र रेघ हरते. ते बरेचदा नव्याने रंगवावे लागतात.