बाळ झाले, आणि मित्र पोर्तुगीज बोलणारा

9 जुलै 1994. अमेरिकेत डॅलसला वर्ल्ड कपचा उपान्त्यपूर्व सामना, ब्राझील विरुद्ध नेदरलँड्स. बेबेतोने दुसरा गोल केला, मैदानाच्या कडेला धावत गेला आणि दोन्ही हातांनी पाळणा झुलवायला लागला. दोनच दिवसांपूर्वी त्याला मुलगा झाला होता. रोमारियो आणि माझिन्यो शेजारी येऊन उभे राहिले आणि तिघांनी मिळून तो अदृश्य पाळणा हलवला. सामना ब्राझीलने 3-2 असा जिंकला. वर्ल्ड कप आला की ज्या कोल्हापुरात पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे समोरासमोर लागतात, तिथे फुटबॉलच्या कट्ट्यावर हा पाळणा कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

शब्दांचे मात्र तसे नाही. कंपनीच्या कामातून झालेला ब्राझीलचा दोस्त, लिस्बनला शिकताना भेटलेली मैत्रीण, गोव्यातले जुने स्नेही, यांच्याकडे बाळ झाले की फोनवर एखादे वाक्य शोधून पाठवले जाते. ते बहुतेक वेळा चुकत नाही, पण ओळखीचेही वाटत नाही. त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज: ‘पाराबेंइस’ हे वाढदिवसालाच म्हणतात

वाढदिवसाच्या गाण्यामुळे हा समज झाला आहे. प्रत्यक्षात अभिनंदनाचा पोर्तुगीजमधला मुख्य शब्द हाच. परीक्षा, लग्न, नोकरी, बाळ, सगळ्याला चालतो. तो कायम अनेकवचनी असतो आणि बोलणारा पुरुष की बाई, यावरून बदलत नाही. आभाराच्या शब्दाचे तसे नाही: तिथे पुरुष ‘ओब्रिगादु’ म्हणतो आणि बाई ‘ओब्रिगादा’.

काहीजण ‘फेलिसिदादेस’ पाठवतात. ते स्पॅनिश अभिनंदन आहे. पोर्तुगीजमध्येही जवळचा शब्द आहे, पण त्याचा अर्थ ‘सुखी राहा’ असा शुभेच्छेचा. अभिनंदन आधी, ही शुभेच्छा मागून.

गोव्यातल्या मित्रासाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. पोर्तुगीज सत्ता 19 डिसेंबर 1961 रोजी संपली. गोव्यातला ख्रिस्ती माणूस म्हणजे घरी पोर्तुगीज बोलणारा, असे समजून चालू नये. बहुतेकांची भाषा कोकणी आहे. घरात पोर्तुगीज बोलणारी कुटुंबे थोडी आणि त्यांतही वडीलधारी जास्त. मित्राच्या आजीला पोर्तुगीज वाक्य ऐकून आनंद होईल, पण मित्राला ‘परबीं’ म्हटलेले अधिक जवळचे वाटेल. कोकणीतला हा अभिनंदनाचा शब्द त्याच पोर्तुगीज शब्दावरून आलेला आहे.

गैरसमज: पोर्तुगीज सगळीकडे सारखीच

लिहिताना फरक थोडा दिसतो, ऐकताना पुष्कळ. पोर्तुगालमध्ये स्वर गिळतात आणि शेवटच्या ‘स’चा ‘श’ होतो, म्हणून तिथे ‘पराबांइश’. साव पावलोकडे ‘पाराबेंइस’. आरोग्य या अर्थाचा शब्द लिस्बनला ‘साऊद’, तर ब्राझीलच्या बहुतेक भागांत ‘साऊजी’. आत्या, मावशी, काकू या सगळ्यांसाठी असलेला शब्द पोर्तुगालमध्ये ‘तीया’, ब्राझीलमध्ये ‘चिया’.

बाळाचा शब्दसुद्धा दोन तऱ्हांचा. पोर्तुगालमध्ये शेवटचा स्वर उघडा, ‘बेबॅ’. ब्राझीलमध्ये बंद, ‘बेबे’. लिहिताना पोर्तुगालवाले त्या अक्षरावर तिरकी रेघ देतात, ब्राझीलवाले टोपी. 1990 च्या लेखन-करारातही ही दोन्ही रूपे कायम राहिली. आईबाबांना एकत्र लाडाने म्हणायचे तर पोर्तुगालमध्ये ‘पापाश’, ब्राझीलमध्ये ‘पापाइस’. म्हणजे लिस्बनच्या जोडप्याला ‘पराबांइश आउश पापाश’, आणि ब्राझीलच्या जोडप्याला ‘पाराबेंइस आउस पापाइस’. दोन्हींचा अर्थ एकच: आईबाबांचे अभिनंदन. यात दोघेही येतात, आणि ते मला महत्त्वाचे वाटते. मित्र पुरुष असेल तर आपण त्यालाच शाबासकी देऊन मोकळे होतो आणि जिने बाळाला जन्म दिला तिचे नावही घेत नाही.

उघड्या आणि बंद स्वराचा हा फरक आजीआजोबांपाशी फार कामाला येतो. आजी ‘अव्हॉ’, आजोबा ‘अव्हो’. बाकी सगळे तेच. मराठीत ‘ऑ’ आणि ‘ओ’ आपण रोज वेगळे उच्चारतो, त्यामुळे आपल्याला हे अवघड नाही. चूक होते ती लक्ष न दिल्याने. आजोबांना आजी म्हणून अभिनंदन पोचू नये एवढे पाहावे.

गैरसमज: ‘व्होसे’ म्हणजे आपले ‘तुम्ही’

पुस्तकात तसे दिलेले असते. ब्राझीलमध्ये व्होसे हा मित्रामित्रांतला रोजचा शब्द आहे, तिथे त्यात आदरही नाही आणि अनादरही नाही. पोर्तुगालमध्ये मात्र मोठ्या माणसाला तोंडावर व्होसे म्हटलेले अनेकांना रुक्ष वाटते, उर्मटसुद्धा. मित्राच्या आईशी बोलताना दोन्ही देशांत ‘आ सेन्योरा’ आणि वडिलांशी ‘उ सेन्योर’ हे सुरक्षित.

त्याहून ऊबदार मार्ग म्हणजे नाव घेणे. बाईंच्या पहिल्या नावाआधी ‘दोना’ लावतात. आडनाव नाही, पहिलेच नाव. ‘दोना’ आणि नाव म्हणून झाले की ‘पाराबेंइस पेला नेता’. इथे ‘नेता’ म्हणजे नात. आपल्या कानाला वेगळेच ऐकू येते, पण शब्द बरोबर आहे. लाडाने म्हणायचे तर पोर्तुगालमध्ये ‘नेतीन्या’, ब्राझीलमध्ये ‘नेचिन्या’. नातू असेल तर ‘पेला’चे ‘पेलु’ होते आणि ‘नेता’चे ‘नेतु’. बाळाच्या लिंगाप्रमाणे शब्द फिरतो, आणि मराठी माणसाला ती सवय आहेच.

गैरसमज: आईला घुबड म्हणणे ही शिवी आहे

ब्राझीलमध्ये लेकराचे कौतुक करून न थकणाऱ्या आईला ‘मांइ कोरुजा’ म्हणतात. कोरुजा म्हणजे घुबड. आपल्याकडे घुबड दिसले तरी अशुभ मानणारे लोक आहेत, तेव्हा बाळंतिणीला कुणी असे म्हणताना ऐकून धक्का बसणे साहजिक आहे. पण यामागे गरुड आणि घुबडीणीची जुनी नीतिकथा आहे. माझी पिले जगात सर्वांत सुंदर, त्यांना खाऊ नकोस, असे घुबडीण गरुडाला सांगते. गरुडाला घरट्यात कुरूप पिले दिसतात, ही तिची नसणार म्हणून तो ती खाऊन टाकतो. शेवट क्रूर आहे, पण बोलीत उरली ती आईची माया. बापाला ‘पाइ कोरुजा’ आणि आजीला ‘व्होव्हॉ कोरुजा’ म्हटले की ती माणसे खूश होतात. पोर्तुगालमध्ये याच अर्थाने ‘अव्हॉ बाबादा’ म्हणतात, शब्दशः लाळ गळणारी आजी. नात पाहून भान हरपलेली, एवढाच भाव.

मात्र हे शब्द ओळख असेल तिथेच वापरावेत. मित्राच्या साहेबाच्या आईला पहिल्याच निरोपात असे म्हणू नये.

गैरसमज: दृष्ट वगैरे त्यांच्याकडे नसते

असते. कुणी बाळाला ‘कि लिंदा’, म्हणजे किती सुंदर, असे म्हटले की त्याला जोडून ‘बेंझा देउस’ म्हणण्याची पद्धत आहे: देव हिचे भले करो. कौतुकाची बाधा होऊ नये म्हणून. नजर लागून मूल किरकिरे होते त्याला ते ‘केब्रांतु’ म्हणतात, आणि दोन बोटांमधून अंगठा बाहेर काढलेल्या मुठीचा छोटा ताईत, ‘फिगा’, पोर्तुगाल आणि ब्राझील दोन्हीकडे बाळाला घालतात. आपल्या गालावरच्या तिटेचे काम तिथे तो करतो. आजकालचे सगळे आईबाप हे मानतात असे नाही, पण आजीशी बोलताना ‘बेंझा देउस’ एवढे दोन शब्द घातले तर आपण घरातले झालो.

गैरसमज: नाव बाराव्या दिवसानंतरच कळते

आपल्याकडे बारशापर्यंत नाव विचारायचे नाही हा शिष्टाचार. तिकडे नाव बहुधा आधीच ठरलेले असते आणि जन्माच्या बातमीतच वजन-उंचीसह येते. पोर्तुगालमध्ये तर प्रसूतीच्या रुग्णालयातच जन्मनोंदणी करता येते, आणि नोंदणीची साधारण मुदत वीस दिवसांची आहे. तेव्हा बातमीत नाव असेल तर उत्तरात ते घ्यावे. फक्त ‘बाळ’ म्हणून सोडून देणे कोरडे वाटते.

समजा ब्राझीलच्या मित्राने कळवले: एलेना झाली, तीन किलो दोनशे. नाव लिहिताना आरंभी ‘ह’चे अक्षर असते, पण पोर्तुगीजमध्ये ते मुके, म्हणून हेलेना नव्हे, एलेना. लेखी निरोपापेक्षा आवाजातला निरोप पाठवावा, ऊब आवाजात जास्त उतरते. ‘पाराबेंइस आउस पापाइस! कि आ एलेना क्रेसा कों मुइंता साऊजी.’ आईबाबांचे अभिनंदन, एलेना उत्तम आरोग्याने वाढो. मग इंग्रजीत का होईना, बाळंतीण कशी आहे हे विचारावे. मित्राच्या बहिणीला वेगळा निरोप: ‘पाराबेंइस, चिया!’ आजीला ‘पेला नेचिन्या’. तीन माणसे, तीन छोटी वाक्ये, आणि प्रत्येकाला आपले नाते ऐकू येते.

एक गोष्ट भाषांतर करून पाठवू नये: ‘पहिली बेटी, धनाची पेटी’. आपल्या घरात ती प्रेमाने म्हटली जाते. पण मुलगी झाल्याबद्दल समजूत घालायची वेळच जिथे आलेली नाही, तिथे तिचे भाषांतर सांत्वनासारखे ऐकू येते. ‘पुढच्या वेळी मुलगा’ हे तर कुठल्याच भाषेत नको.

जन्माआधी बोलणे झाले तर पोर्तुगालमध्ये गरोदर बाईला ‘उमा ऑरा पेकेनिना’ अशी शुभेच्छा देतात, म्हणजे तुझी घटका लहान असो, कळा लवकर सरोत. ब्राझीलमध्ये ‘कि व्हेन्या कों साऊजी’, बाळ सुखरूप येवो.

आणि बाळ दिवस भरण्याआधी झाले असेल, काचेच्या पेटीत असेल, तर ‘पाराबेंइस’ने सुरुवात करायला संकोच वाटतो. अभिनंदन टाळू नये, मूल झाले आहे हे खरेच आहे. पण त्याला लागूनच ‘मुइंता फोर्सा’ म्हणावे, खूप बळ मिळो. त्या प्रसंगी पोर्तुगीज बोलणारी माणसे एकमेकांना हेच म्हणतात. त्यानंतर वजन वाढले का, असे रोज विचारू नये. ते आपणहून कळवतील, आणि कळवले की त्याच दिवशी उत्तर द्यावे.