पत्रिकेतली तारीख बदलताना

पत्रिकेवर २१ मेऐवजी १२ मे छापून आलं आणि हाती फक्त सपाट जेपीजी आहे. अशा वेळी नवा फॉन्ट शोधू नका, हवे ते आकडे चित्रातच आहेत. आधी मूळ लेअरची प्रत करा. किनार वगळून फक्त तारखेभोवती सिलेक्शन करा, म्हणजे ब्रश वेलबुट्टीवर जाणारच नाही. आकडे दुसऱ्या लेअरवर कॉपी करून ठेवा. मग क्लोन स्टॅम्पने शेजारचाच कागदी पोत घेऊन जागा पुसा. लांबचा पोत घेतला तर छटा बदलते आणि ठिगळ दिसतं. फिकट कागदावर गडद आकडे असतील, तर ते उलट क्रमाने मांडून ब्लेंड मोड ‘मल्टिप्लाय’ ठेवा. शेवटी वार आणि तिथीही तपासा, त्याही बदलतात.