फ्रिज घेताना आधी माणसे मोजा

नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतील जुनी खोली 160 चौरस फुटांची. तिच्यात सहा माणसांच्या कुटुंबाला फ्रिज घ्यायचा असेल, तर माणशी 40 लिटर हा साधा हिशेब धरावा. म्हणजे 240 लिटर.

एवढ्या मापात सिंगल डोअरही मिळतो. तो स्वस्त पडतो, पण त्याचा बर्फाचा कप्पा जेमतेम 15 ते 20 लिटरचा. रोजच्या दूध-भाजीला तो पुरतो. बकरी ईदला मात्र घरचा हिस्सा आणि नातेवाइकांकडून आलेले गोश्त मिळून दहा-बारा किलो सहज होते. ते एकदम कोंबले की बाहेरचे गोठते, मधले मऊच राहते आणि वास मारू लागते. डबल डोअरमध्ये हा कप्पा 50 लिटरच्या आसपास असतो. त्यातही गोश्त अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्यांत, थोडे थोडे करून ठेवावे.

साइड बाय साइडचा मोह शेजाऱ्याचा पाहून होतो. तो बहुधा 500 लिटरच्या वरचा, रुंदी सुमारे 3 फूट. चाळीच्या जिन्याच्या वळणावरच अडकायचा. शिवाय आतले कप्पे उभे आणि अरुंद, त्यामुळे मोठे पातेले बसत नाही.

दुकानदार सांगतो ते लिटर एकूण की वापरात येणारे, हे विचारून घ्यावे. दोन्हींत फरक असतो. पुनर्विकासात 500 चौरस फुटांचे घर मिळाले तरी माणसे सहाच असतील, तर 260 लिटरचा डबल डोअर तिथेही पुरेल.